तीन पोळ्या आणि चार माणसं: आठ वर्षांच्या मुलांना गोष्टीतून अपूर्णांक कसे शिकवावेत

ही गोष्ट जेवायला बसल्यावर सांगायची, आणि समोर खऱ्या पोळ्या हव्यात. तीन पोळ्या बाजूला काढा. एकीवर एक ठेवून त्या साधारण सारख्या आकाराच्या आहेत ना, हे मुलालाच बघू द्या. तूप आत्ता लावू नका, तुकडे बोटांतून निसटतात. वाळलेला फुलका मोडतो आणि भाकरीचा तुकडा कधी सरळ पडत नाही, म्हणून मऊ पोळीच बरी. ती हातानं फाडली तर पदर सुटतात आणि वाटा वेडावाकडा होतो. त्यापेक्षा घडी घालायची आणि घडीवर स्वयंपाकघरातल्या कात्रीनं कापायचं.

आता गोष्ट सुरू करा.

«मुक्ताच्या घरी त्या रात्री पोळ्या चालल्या होत्या. तिसरी पोळी तव्यावरून उतरली आणि गॅस संपला. कणीक परातीत तशीच राहिली. जेवायला माणसं चार: आजी, आई, ओमदादा आणि मुक्ता. पोळ्या मात्र तीन. आई म्हणाली, ‘मला नको, तुम्ही तिघं घ्या.’ आजी म्हणाली, ‘ते काही चालायचं नाही. बस खाली. सगळ्यांना सारखं मिळालं पाहिजे.’»

आजीचं हे वाक्य गाळू नका. आपल्या गोष्टींमधली आई नेहमी उपाशी राहायला तयार असते, आणि इथे ती राहिली तर तिघांना एकेक अख्खी पोळी मिळते आणि अपूर्णांक जन्मालाच येत नाही.

इथे थांबा आणि विचारा, ‘कशा वाटायच्या?’ उत्तर सांगायची घाई करू नका. बहुतेक मुलं आधी प्रत्येक पोळीचे चार तुकडे करायचं सुचवतात. तसंच करा. पोळीची मधोमध घडी घातली की अर्धी होते आणि पुन्हा घडी घातली की पाव. तिन्ही पोळ्या अशा कापल्या की बारा तुकडे होतात आणि प्रत्येकाच्या ताटात तीन येतात.

आता विचारा, ‘तुला किती पोळी मिळाली?’

हा या खेळातला सगळ्यात नाजूक प्रश्न आहे. हुशार मूल म्हणतं, ‘तीन छेद बारा. बारा तुकडे होते, मला तीन मिळाले.’ त्याला लगेच चूक म्हणू नका, कारण ते चूक नाही. बारापैकी तीन तुकडे म्हणजे सगळ्या पोळ्यांचा ३/१२ भाग, आणि चौघांत वाटल्यावर प्रत्येकाला एकूण जेवणाचा चौथा हिस्सा मिळणार, हे बरोबरच आहे. पण आपण ‘किती पोळी’ असं विचारलं होतं. म्हणून पुढचा प्रश्न एकच: ‘कशाचा भाग?’ त्याचे तीन तुकडे ताटात टोकाला टोक लावून गोल मांडायला सांगा. एका पोळीतला एक पाव तुकडा तेवढा कमी दिसेल. म्हणजे त्याला ३/४ पोळी मिळाली, पाऊण पोळी. पाऊण तास मुलांना माहीत असतो, त्यामुळे इथे चेहरा एकदम उजळतो. तेच तीन तुकडे सगळ्या पोळ्यांचे ३/१२ आणि एका पोळीचे ३/४. अपूर्णांक म्हटला की ‘कशाचा?’ विचारायची सवय इथेच लागली तर पुढचा बराच गोंधळ टळतो.

कापलेले तुकडे भाजीबरोबर खुशाल खाऊन टाका. दुसऱ्या दिवशी नव्या तीन पोळ्या घेऊन गोष्ट पुढे न्या.

«पण ओमदादाला बारा तुकड्यांचा कंटाळा आला. तो म्हणाला, ‘दोन पोळ्या अर्ध्या करा, सगळ्यांना एकेक अर्धी देऊ. उरलेल्या एकीचे चार भाग करू.’ सगळ्यांना एक अर्धी आणि एक पाव मिळाली. तेवढ्यात आईनं दादाच्या अर्ध्या पोळीचे दोन तुकडे केले. मुक्तानं दादाच्या ताटात पाहिलं आणि ती ओरडली, ‘दादाला तीन तुकडे आणि मला दोनच!’»

मुक्ताची तक्रार तुमच्याही घरात उठते का बघा. बहुतेक उठतेच, कारण या वयाला तुकडे मोजता येतात, पण प्रत्येक तुकडा केवढा आहे याकडे लक्ष जात नाही. समजावत बसू नका. मुक्ताची अर्धी पोळी ताटात पसरा आणि दादाचे दोन पाव तुकडे मुलाला तिच्यावर ठेवू द्या. नीट कापले असतील तर अर्धी पूर्ण झाकली जाते. १/२ म्हणजेच २/४, हे असं झाकलेलं पाहिलं की पाटीवर वेगळं पटवावं लागत नाही.

लिहिण्याचं काम यानंतर. रेघेखाली छेद: एका पोळीचे किती सारखे भाग केले. रेघेवर अंश: त्यातले किती घेतले. मग मुक्ताचं ताट लिहायला सांगा: १/२ + १/४. पुष्कळ मुलं अंशात अंश आणि छेदात छेद मिळवून २/६ लिहितात. खोडू नका. २/६ म्हणजे पोळीचे सहा भाग करून त्यातले दोन. मुक्ताकडे अर्धी पोळी तर आधीपासूनच आहे, आणि सहातले दोन अर्ध्याहून कमी भरतात. मिळवल्यावर कमी कसं होईल? मूल स्वतःच अडतं. मग अर्धीचे दोन पाव करून मोजायचं: २/४ आणि १/४ मिळून ३/४. पुढे शाळेत ज्याला समच्छेद करणं म्हणतात, ते हेच.

‘१/३ मोठा की १/४?’ हाही प्रश्न विचारून बघा. चार तीनाहून मोठा म्हणून १/४ मोठा, असं उत्तर आलं तर एक पोळी तिघांत वाटा आणि एक चौघांत. तिघांसाठी पोळीच्या तीन सारख्या रुंदीच्या पट्ट्या मात्र कापू नका. गोल पोळीत मधली पट्टी कडेच्या दोन्हींपेक्षा बरीच मोठी निघते, आणि ती कोणाच्या ताटात जाणार यावरून भांडण होतं. पोळी म्हणजे घड्याळ धरून मध्यापासून बारा, चार आणि आठच्या दिशेनं कापा.

«इतक्यात दारावरची बेल वाजली. आत्या आली होती. आता माणसं पाच.»

इथे पोळीची हद्द संपते. तीन पोळ्या पाच जणांत वाटल्या की प्रत्येकाला ३/५ येतात, पण घडी घालून गोलाचे पाच सारखे भाग करणं मोठ्यांनाही जमत नाही आणि असमान तुकडे समोर ठेवून ‘सारखे आहेत’ म्हणणं आठ वर्षांचं मूल मुळीच ऐकून घेत नाही. आत्यासाठी कागदाच्या दहा सेंटिमीटरच्या तीन पट्ट्या कापा. एक पट्टी म्हणजे एक पोळी. प्रत्येक पट्टीवर दोन-दोन सेंटिमीटरवर खूण करून कापली की पंधरा तुकडे होतात. एकेकाला तीन येतील. ‘तीन छेद पंधरा’ असं उत्तर आलं, तर विचारायचा प्रश्न तोच: कशाचा?