'तरंगतंय' असा शेरा आला की आधी फ्रेम मोजा

चित्रपटांच्या व्हिज्युअल इफेक्ट्सच्या कामात नवीन असताना माझ्या एका शॉटवर तीन वेळा तोच शेरा आला: 'तरंगतंय.' शॉट साधा होता. लांब झगा घातलेला माणूस चालत येतो, बादली छातीशी धरून कलती करतो, पाणी खाली पेटत्या लाकडांवर पडतं आणि धूर उसळतो. पाणी, कापड आणि धूर, तिन्ही एकाच चौकटीत. आणि तिन्ही वजनहीन.

मी केलं ते बहुतेक नवशिके करतात. शेरा 'वजन नाही' असा होता, म्हणून वजन वाढवलं. झग्याचं मास, म्हणजे वस्तुमान, तिप्पट केलं, पाण्याची घनता वाढवली, रात्रभर सिम्युलेशन चालवलं. सकाळी पाणी तसंच रेंगाळत खाली येत होतं. शाळेत शिकलेली गोष्ट मी विसरलो होतो: हवेचा अडथळा सोडला तर जड आणि हलकी वस्तू सारख्याच वेगाने पडते. पडणाऱ्या गोष्टीचं वजन डोळा मासवरून ओळखत नाही. पडायला किती वेळ लागला आणि पडताना वेग कसा वाढत गेला, यावरून ओळखतो.

आमच्या टीममधल्या एका ज्येष्ठ सहकाऱ्याने माझ्या सेटिंग्ज उघडल्यासुद्धा नाहीत. त्यांनी विचारलं, "बादलीच्या काठापासून जमिनीपर्यंत किती फ्रेम जातात?" मी मोजले. अडतीस. त्यांनी कागदावर हिशेब मांडला. काठाची उंची साधारण सव्वा मीटर. गुरुत्व ९.८. वेळ म्हणजे दुप्पट उंचीला गुरुत्वाने भागून त्याचं वर्गमूळ, म्हणजे अर्धा सेकंद. सेकंदाला चोवीस फ्रेमच्या हिशेबाने बारा फ्रेम. बाराच्या जागी अडतीस, म्हणजे सव्वातीन पटीच्या आसपास, आणि हा आकडा ओळखीचा आहे: दहाचं वर्गमूळ ३.१६, म्हणजे उंची दहापट. "तुझा माणूस सतरा मीटर उंच आहे," ते म्हणाले.

खरंच होता. माया या थ्रीडी सॉफ्टवेअरमधलं मॉडेल सेंटिमीटरमध्ये, माणूस १७० एककांचा. पाण्याचं सिम्युलेशन करायच्या हूडिनी या सॉफ्टवेअरमध्ये आणताना तो ०.१ ने लहान केला, म्हणून १७ एकक झाला. हूडिनी एक एकक म्हणजे एक मीटर धरतं. हालचालीचा हिशेब करणारा सॉल्व्हर बिनचूक काम करत होता. साडेबारा मीटरवरून ओतलेलं पाणी जसं पडेल तसंच तो दाखवत होता. झग्याची गोष्ट निराळी दिसली तरी मूळ तेच. झगा हलवणाऱ्या मायाच्या न्यूक्लिअस सॉल्व्हरमध्ये `Space Scale` मुळात १ असतं, म्हणजे एक एकक एक मीटर. मॉडेल सेंटिमीटरमध्ये असेल तर तिथे ०.०१ हवं. मी ते बदललंच नव्हतं, म्हणून माझा झगा १७० मीटर उंचीच्या माणसाचा होता आणि खऱ्यापेक्षा दहापट सावकाश हलत होता.

तेव्हापासून मी सिम्युलेशन चालवण्याआधी शॉटचं वर्णन लिहून काढतो, आणि त्यात 'जड', 'दमदार' असे शब्द ठेवत नाही. कुठून निघालं, कशावर आदळलं, किती फ्रेममध्ये, आणि आदळल्यावर काय उरलं, एवढंच लिहितो.

पाण्यासाठी ते असं होतं. ओतल्यापासून तिसऱ्या फ्रेमला धार फक्त आठ सेंटिमीटर खाली, सहाव्याला तीस, नवव्याला सत्तरच्या जवळ, बाराव्याला जमीन. हे अंतर १, ४, ९, १६ या प्रमाणात वाढतं. प्रत्येक फ्रेमला सारखंच अंतर कापलं जात असेल तर एकूण वेळ बरोबर असूनही पाणी दोरीने खाली सोडल्यासारखं दिसतं. आदळल्यावर उडणारे थेंब हे दुसरं ठिकाण. तीस सेंटिमीटर वर उडालेला थेंब पाव सेकंदात वर जातो आणि पाव सेकंदात खाली येतो, म्हणजे एकूण बारा फ्रेम. तो विसाव्या फ्रेमलाही हवेत असेल तर काहीतरी चुकलं आहे. बहुतेक वेळा चूक अशी असते की हवेचा अडथळा सगळ्या थेंबांना सारखाच दिलेला असतो. अगदी बारीक तुषार हवेत खरोखर रेंगाळतात. टपोरा थेंब एवढ्याशा उंचीत हवेला जवळजवळ दाद देत नाही. थेंबाच्या आकाराप्रमाणे अडथळा दिला की हे सुटतं.

कापडात मात्र हवा महत्त्वाची असते, त्यामुळे तिथे मासचा उपयोग होतो: पातळ कापड हवेवर पसरतं, जाड कापड तिला कापत खाली येतं. पण झगा अंगावर लटकलेला असेल तर मी आधी झोका मोजतो. मीटरभर लांबीचं लटकतं कापड एक पूर्ण हेलकावा दीड-दोन सेकंदांत घेतं. माणूस थांबला की खांदे थांबतात, कमरेपाशी घडी पुढे सरकते, मग खालची किनार पुढे जाते आणि परत येते. वर्णनात हा क्रम लिहिलाच पाहिजे, कारण सगळा झगा एकाच फ्रेमला थांबला तर तो पत्र्याचा वाटतो आणि थांबतच नसेल तर पाण्याखालचा. दुसरी खूण म्हणजे ताण. सुती कापड आपल्या वजनाने फारसं ताणलं जात नाही. झटक्यात किनार हातभर लांबून परत आली तर ते रबर झालं. अशा वेळी मास वाढवलं की ते आणखी लांबतं. तिथे सबस्टेप्स, म्हणजे एका फ्रेममधले हिशेबाचे टप्पे, वाढवायचे असतात. माझी ती तिप्पट मासची रात्र याच कारणाने दुहेरी वाया गेली.

धूर पडत नाही, त्यामुळे त्याचं वजन उलट बाजूने दाखवावं लागतं. पाणी आदळताच बुडाशी तो जोरात आणि घट्ट बाहेर येतो, मग आजूबाजूची हवा ओढून घेत रुंद होतो आणि मंदावतो. बुडाशी आणि वर सारखाच वेग असलेला धूर कापसासारखा दिसतो. माझ्या शॉटमध्ये आणखी एक उणीव होती: पाण्याचा लोट आणि झग्याची किनार धुरातून आरपार जात होती आणि धुराला त्याचा पत्ताच नव्हता. दोन्ही गोष्टी धुराच्या सिम्युलेशनमध्ये अडथळा म्हणून घातल्या, त्यांचा वेगही दिला. किनार फिरली तसा धूर तिच्यामागे वळला. झगा जड वाटायला लागला तो त्या क्षणी, झग्याला हातही न लावता.

स्केल दुरुस्त करण्याऐवजी गुरुत्वच दहापट करावं असं कधी वाटेल. एकट्या पाण्याला ते चालूनही जातं, पण मग धुराचा उठाव, सुरुवातीचे वेग आणि पृष्ठताण वेगवेगळ्या मापात राहतात आणि पुढच्या शॉटमध्ये कुणालाच मेळ बसवता येत नाही. दिग्दर्शकाला खरंच संथ गती हवी असेल तेव्हाही गुरुत्व कमी करू नका. सॉल्व्हरचा टाइम स्केल अर्धा करा आणि माणसाची हालचालही तेवढीच संथ करा. पाणी चोवीस फ्रेममध्ये पडेल, झगा दुप्पट वेळ हेलकावेल, पण पाण्याने कापलेलं अंतर १, ४, ९, १६ या प्रमाणातच वाढत राहील, आणि 'तरंगतंय' असा शेरा येणार नाही.