टोकांवरची हिरवी झाक कशी घालवली

चतुर्थीच्या आधी केस मऊ व्हावेत म्हणून म्हापशाच्या घरी मेंदी आणि इंडिगो (नीळीच्या पानांची पूड, कपड्यांची नीळ नव्हे) एकत्र कालवून लावली. मुळाकडचे केस छान तपकिरी झाले, पण पूर्वी ब्लीच करून रंगवलेली टोकं शेवाळासारखी हिरवट दिसली. ब्लीचने सच्छिद्र झालेला केस नीळ भराभर ओढतो आणि खाली मेंदीचा लाल पुरेसा नसला की हिरवा दिसतो.

मग लिंबाच्या पाण्यात रात्रभर भिजवलेली नुसती मेंदी टोकांना दोन तास ठेवली. लाल चढला, हिरवं झाकलं गेलं. आता मेंदी धुतल्यावरच इंडिगो लावते: कोमट पाण्यात कालवून, लिंबू न घालता, पंधरा मिनिटांनी लगेच. रंगवलेल्या एका बटेवर आधी लावून बघते.