वॉरफरिन की एपिक्साबॅन? दोन औषधांच्या तुलनेतून फार्माकोइकॉनॉमिक्स

फार्म.डी.च्या पाचव्या वर्षाला किंवा एम.फार्म.च्या फार्मसी प्रॅक्टिसला असलेल्या प्रत्येकाकडे फार्माकोइकॉनॉमिक्सच्या पद्धतींचा तो तक्ता असतोच. कॉस्ट मिनिमायझेशनमध्ये परिणाम समान धरायचा, कॉस्ट इफेक्टिव्हनेसमध्ये तो नैसर्गिक एककात मोजायचा आणि कॉस्ट युटिलिटीमध्ये क्वालीत, म्हणजे जीवनमानाच्या दर्जाने गुणलेल्या आयुष्याच्या वर्षांत. तक्ता बरोबर आहे आणि परीक्षेत गुणही मिळवून देतो. पण प्रकल्पाची आकडेवारी पुढ्यात आली की त्याचा काडीचाही उपयोग होत नाही, कारण कशाला कशाने भागायचे हे त्यात कुठेही लिहिलेले नसते. त्या भागाकाराने मला जेवढे छळले तेवढे संख्याशास्त्रानेही छळले नाही. म्हणून येथे एकच जोडी घेतो आणि तिच्यावर तिन्ही पद्धती चालवून पाहतो.

जोडी आहे एट्रियल फिब्रिलेशनच्या रुग्णांना दिल्या जाणाऱ्या वॉरफरिन आणि एपिक्साबॅनची. परिणामांचे आकडे २०११ साली प्रसिद्ध झालेल्या अ‍ॅरिस्टॉटल चाचणीचे आहेत. त्या चाचणीत पक्षाघात किंवा शरीरात अन्यत्र गुठळी अडकणे (पुढे सोयीसाठी नुसते 'पक्षाघात') याचे वार्षिक प्रमाण वॉरफरिनवर १.६० टक्के आणि एपिक्साबॅनवर १.२७ टक्के होते. मोठा रक्तस्राव अनुक्रमे ३.०९ आणि २.१३ टक्के, तर मृत्यू ३.९४ आणि ३.५२ टक्के होते. खर्चाचे आकडे मात्र मी हिशेबाच्या सोयीसाठी गृहीत धरलेले आहेत. ते बाजारभाव समजून कोणी आपल्या प्रबंधात उचलू नयेत.

कॉस्ट मिनिमायझेशन सर्वांत सोपी म्हणून आधी शिकवतात, आणि सोपी असल्यामुळेच ती नको तेथे वापरली जाते. दोन पर्यायांचा परिणाम सारखा असल्याचा पुरावा हातात असेल, तरच केवळ खर्चाची तुलना करता येते. एकाच एपिक्साबॅनचे जैवसमतुल्य ठरलेले दोन ब्रँड घ्या. एकाची गोळी २० रुपयांना आणि दुसऱ्याची १२ रुपयांना असेल, तर दिवसाला दोन याप्रमाणे वर्षाच्या ७३० गोळ्यांत ५,८४० रुपयांचा फरक पडतो आणि विश्लेषण तेथेच संपते. घोटाळा होतो तो 'फरक सांख्यिकीदृष्ट्या लक्षणीय नव्हता' हे वाक्य 'परिणाम समान आहेत' असे वाचल्यामुळे. लहान चाचणीत खरा फरकसुद्धा लक्षणीय ठरत नाही. शिवाय मुख्य परिणाम जवळपास सारखा असला, तरी बाकीचे परिणाम तसे असतातच असे नाही. २००९ च्या री-लाय चाचणीत ११० मिलिग्रॅम डॅबिगॅट्रान पक्षाघात टाळण्यात वॉरफरिनपेक्षा कमी नाही एवढेच सिद्ध झाले होते, पण मोठा रक्तस्राव मात्र ३.३६ टक्क्यांऐवजी २.७१ टक्के इतकाच आढळला. पक्षाघाताकडे पाहून कोणी येथे कॉस्ट मिनिमायझेशन केले असते, तर टळलेल्या रक्तस्रावाचा सगळा लाभ हिशेबातून गळाला असता. आपल्या जोडीत तर परिणाम उघडच वेगळे आहेत, त्यामुळे ही पद्धत येथे बाद होते.

आता कॉस्ट इफेक्टिव्हनेस. प्रत्येक औषधावर १,००० रुग्ण एक वर्ष आहेत असे धरू. वॉरफरिनच्या गोळ्यांना प्रतिरुग्ण वर्षाला १,५०० रुपये आणि दरमहा ३०० रुपयांच्या आयएनआर तपासणीला ३,६०० रुपये, म्हणजे हजार जणांचे ५१ लाख. त्यांच्यातील १६ जणांना पक्षाघात होईल. प्रत्येकी २ लाख धरले तर त्याचे ३२ लाख होतात. मोठा रक्तस्राव हजारी ३०.९ आहे, आणि प्रत्येकी १ लाखाने त्याचे ३०.९ लाख होतात. एकूण ११३.९ लाख. एपिक्साबॅनला आयएनआरची गरज नाही, पण २० रुपयांच्या गोळीने वर्षाचे १४,६०० रुपये, म्हणजे हजारांचे १४६ लाख होतात. पक्षाघाताचे २५.४ लाख आणि रक्तस्रावाचे २१.३ लाख मिळवले की बेरीज १९२.७ लाखांवर जाते.

येथवर कोणीही येतो. सापळा यापुढे आहे, आणि त्यावर मी गरजेपेक्षा जास्त बोलणार आहे.

हाताला पहिली सवय लागते ती प्रत्येक औषधाचा खर्च त्याच्याच परिणामाने भागण्याची. वॉरफरिनवर पक्षाघात न झालेले रुग्ण ९८४, म्हणून ११३.९ लाख भागिले ९८४ केले की पक्षाघातमुक्त रुग्णामागे ११,५७५ रुपये येतात. एपिक्साबॅनवर ९८७.३ रुग्ण, म्हणून १९,५१८ रुपये. दोन आकडे शेजारी मांडले की निष्कर्ष आपोआप सुचतो: सुमारे आठ हजार रुपये जास्त मोजले की एक रुग्ण पक्षाघातापासून वाचतो. वाक्य ऐकायला छान आहे आणि साफ चुकीचे आहे.

कारण असे की त्या ९८७ रुग्णांपैकी ९८४ जण वॉरफरिनवरही पक्षाघातावाचून राहिलेच असते. त्यांचे श्रेय एपिक्साबॅनला देता येत नाही. औषध बदलल्यामुळे जे जास्तीचे मिळाले ते हजारांत फक्त ३.३ टळलेले पक्षाघात, आणि त्यासाठी जास्तीचे मोजले ७८.८ लाख. ७८.८ भागिले ३.३ म्हणजे एका टळलेल्या पक्षाघातामागे सुमारे २३.९ लाख रुपये. कोठे आठ हजार आणि कोठे चोवीस लाख! हेच ते वाढीव गुणोत्तर, ज्याला सगळे आयसीईआर म्हणतात: वर खर्चातील फरक, खाली परिणामातील फरक. सरासरी गुणोत्तराची तुलना गुप्तपणे 'काहीच उपचार न करणे, ज्याला शून्य खर्च आणि शून्य परिणाम' अशा तिसऱ्याच पर्यायाशी होत असते, आणि तो पर्याय तुमच्या अभ्यासात कोणीही मांडलेला नसतो. सरासरीचा खोटेपणा ओळखण्याची एक खूण आहे. पक्षाघात 'न झालेले' मोजण्याऐवजी 'झालेले' मोजले, तर सरासरी गुणोत्तर पार बदलते. वाढीव गुणोत्तराचे मूल्य मात्र हलत नाही, कारण ९८७.३ वजा ९८४ काय आणि १६ वजा १२.७ काय, उत्तर ३.३ च येते. तुमच्या मांडणीत एककाची बाजू पालटून पाहा. उत्तर बदलले, तर भागाकार चुकला आहे.

रुग्णालयाच्या नोंदींवरून केलेल्या बऱ्याच विद्यार्थी-प्रकल्पांत सरासरीच भागलेली दिसते आणि मार्गदर्शकाची सही होऊन ती पुढेही जाते. माझे ठाम मत असे आहे की पहिल्याच महिन्यात मार्कोव्ह मॉडेलचे तयार टेम्प्लेट हाती देणाऱ्या मार्गदर्शकापेक्षा 'हे पैसे कोणाच्या खिशातून जातात?' असे विचारून मागे लागणारा मार्गदर्शक शतपटीने बरा. टेम्प्लेट भागाकार करून देते, पण दोन रकान्यांत काय भरले आहे हे ते तपासत नाही. पहिला हिशेब कागदावर करावा. तो जमतो, घाबरण्याचे कारण नाही. वरच्या सगळ्या गणिताला साधा कॅल्क्युलेटर पुरला आहे.

तरीही चोवीस लाख हा आकडा स्वस्त की महाग हे सांगता येत नाही, कारण टळलेला पक्षाघात आणि, समजा, मधुमेहाच्या औषधाने उतरलेले एचबीए१सी यांची तुलना होत नाही. शिवाय त्या भागाकारात टळलेले मृत्यू आलेलेच नाहीत. त्यासाठी कॉस्ट युटिलिटी लागते. अशा रुग्णाच्या एका वर्षाची उपयुक्तता ०.७५ धरू आणि पक्षाघातातून वाचल्यावर ती ०.२५ ने घटते असे मानू. भारतीयांच्या पसंतीवर आधारलेला ईक्यू-५डी-५एलचा मूल्यसंच २०२२ पासून उपलब्ध आहे, त्यामुळे खऱ्या अभ्यासात परदेशी मूल्ये वापरण्याला सबब उरलेली नाही.

हजारांत ४.२ मृत्यू टळतात, आणि टळलेल्या पक्षाघातांपैकी २ प्राणघातक नव्हते असे धरू. हिशेब वर्षाअखेरीस थांबवला, तर या लोकांना सरासरी सहा महिन्यांचाच लाभ मिळालेला दिसतो. ४.२ गुणिले ०.७५ गुणिले ०.५ म्हणजे १.५७५, त्यात पक्षाघाताचे २ गुणिले ०.२५ गुणिले ०.५ म्हणजे ०.२५ मिळवले की १.८२५ क्वाली, आणि एका क्वालीला ४३ लाख रुपये पडतात. पण वाचलेला माणूस ३१ डिसेंबरला नाहीसा होत नाही. तो आणखी ८ वर्षे जगेल असे धरून, पुढील वर्षांना दरसाल ३ टक्क्यांनी सवलत दिली, तर ती साधारण ७ वर्षांइतकी भरतात. मग मृत्यूंचे २२.०५ आणि पक्षाघातांचे ३.५ मिळून २५.५५ क्वाली होतात आणि दर ३.०८ लाखांवर येतो. औषध तेच, रुग्ण तेच, चाचणी तीच. बदलला तो फक्त कालावधी. दीर्घ आजाराच्या अभ्यासात एक वर्षाचा कालावधी दिसला, की बाकीचे वाचण्याआधी तेथेच थांबावे. वाचलेल्यांचा पुढील वर्षांतील उपचारखर्चही खरे तर वरच्या आकड्यात यायला हवा. येथे तो मी मुद्दाम सोडला आहे, कारण तेथून पुढे कागद पुरत नाही आणि मॉडेल खरोखरच लागते.

३.०८ लाख जास्त की कमी? भारतात साधारणतः दरडोई जीडीपीच्या एकपट रकमेशी तुलना केली जाते, आणि ती दोन ते अडीच लाखांच्या आसपास आहे. म्हणजे २० रुपयांच्या गोळीला हा हिशेब पार होत नाही. पण आतापर्यंत आपण रुग्णालयाच्या बाजूने मोजत होतो. वॉरफरिनवरचा शेतमजूर आयएनआरसाठी दर महिन्याला तालुक्याला जातो. एस.टी.चे भाडे आणि बुडालेली मजुरी मिळून खेपेला ५०० रुपये धरले, तर हजारांचे ६० लाख वॉरफरिनच्या बाजूला चढतात. फरक ७८.८ वरून १८.८ लाखांवर उतरतो आणि एक क्वाली सुमारे ७४ हजारांत पडते. म्हणून कोणाच्या दृष्टिकोनातून मोजले हे शीर्षकाखालच्या पहिल्याच वाक्यात लिहावे, परिशिष्टात नव्हे.

किंमत बदलून पाहायला विसरू नका. गोळी ९ रुपयांवर आली, तर रुग्णालयाच्या हिशेबातही एपिक्साबॅनचा एकूण खर्च ११२.४ लाख होतो, म्हणजे वॉरफरिनपेक्षा कमी. अशा वेळी भागाकाराचे उत्तर ऋण येते आणि ते तसेच छापून टाकण्याचा मोह होतो. ते छापू नये. परिणाम जास्त आणि खर्च कमी असेल, तर औषध वरचढ आहे एवढेच लिहायचे असते. महाग असून कमी गुणकारी असलेल्या औषधाचे गुणोत्तरही ऋणच येते, त्यामुळे नुसत्या चिन्हावरून वाचकाला काहीच कळत नाही.

हे सगळे आकडे ज्यांच्यावर चाचणी झाली त्यांचे आहेत. अ‍ॅरिस्टॉटलमध्ये मध्यम वा तीव्र मायट्रल स्टेनोसिसचे आणि कृत्रिम धातूची झडप बसवलेले रुग्ण घेतले नव्हते. आपल्या वॉर्डात संधिवाताच्या तापाने झडप खराब झालेले रुग्ण सर्रास दिसतात, आणि २०२२ च्या इन्व्हिक्टस चाचणीत अशा रुग्णांमध्ये याच गटातील रिव्हरॉक्साबॅनपेक्षा व्हिटॅमिन के विरोधी औषधेच सरस ठरली. त्यांच्या नोंदी वरच्या हिशेबात मिसळल्या, तर भागाकार बरोबर येऊनही उत्तर चुकीचेच राहील. त्यामुळे नोंदी काढतानाच इको अहवालाचा रकाना घ्यावा आणि हे रुग्ण सुरुवातीलाच वेगळे काढावेत.