हृदयाची कोरी आकृती: कागद वाटण्याआधी काय काय तयार हवं

रिकाम्या जागा भरायचा कागद म्हटलं की पुस्तकातल्या पानाचं झेरॉक्स काढायचं, नावांवर व्हाइटनर फिरवायचा आणि त्याचं परत झेरॉक्स काढायचं, एवढंच बहुतेकांच्या डोक्यात असतं. पेशी किंवा पान असल्या सोप्या आकृत्यांना ते चालून जातं. हृदयाला मात्र नाही चालत, कारण पुस्तकातलं हृदय लाल-निळं असतं आणि आमच्या विश्रामबागच्या झेरॉक्सवाल्याच्या मशीनमधून दोन्ही रंग सारख्याच करड्या डागाचे होऊन बाहेर पडतात. झडपा तर दिसतच नाहीत. म्हणून पहिली तयारी म्हणजे हाताने काढलेली, नुसत्या काळ्या रेषेची मूळ आकृती. बारीक काळ्या पेनाने, छटा न देता, ए-फोर कागदाच्या मधोमध काढा आणि दोन्ही बाजूंना नावं लिहिण्यापुरती जागा सोडा. रंग नसण्याचा एक फायदाही आहे. लाल दिसलं की धमनी आणि निळं दिसलं की शिरा, असं पाठ केलेल्या मुलांना इथे रंगाचा टेकू मिळत नाही.

आकृती काढताना दोन गोष्टी सोडून चालणार नाही. डाव्या निलयाची भिंत उजव्यापेक्षा ठळकपणे जाड हवी, कारण डाव्या निलयाला रक्त सगळ्या शरीरात ढकलायचं असतं आणि उजव्याला फक्त शेजारच्या फुफ्फुसांपर्यंत. दोन्ही भिंती सारख्या काढल्या, तर मुलाला आकृतीतूनच डावं-उजवं ताडून बघायची एक ठळक खूण आपणच पुसली. दुसरी गोष्ट फुफ्फुस शिरांची. साधारणपणे चार शिरा डाव्या अलिंदात येतात, प्रत्येक फुफ्फुसाकडून दोन-दोन. उजव्या फुफ्फुसाकडच्या दोन हृदयाच्या मागून येत असल्यामुळे समोरून बघताना कागदाच्या डाव्या कडेला, महाशिरांच्या जवळ, त्यांची नुसती टोकं दिसतात. पुष्कळ मुलं तिथे बेधडक ‘महाशिरा’ लिहितात. ही टोकं नीट काढा, आणि एक रिकामी जागा मुद्दाम त्यांनाच द्या.

आता रेघा. नावाकडे जाणारी प्रत्येक रेघ नेमकी कुठे टेकते, हे वाटण्याआधी कोणाला तरी विचारून घ्यावं, घरातलं कोणीही चालेल. कप्प्याची रेघ पोकळीच्या मध्यापर्यंत न्या आणि शेवटी ठिपका द्या. ती भिंतीवर थांबली तर ‘निलय’ लिहायचं की ‘निलयाची भिंत’, हा मुलाचा प्रश्न रास्त ठरतो. झडपेची रेघ झडपेच्या पडद्यालाच टेकवा. महाधमनी आणि फुफ्फुस धमनी वर एकमेकींना ओलांडतात, तिथे तर रेघ अशा ठिकाणी न्या की दुसरी नळी मध्ये येणारच नाही. रेघांनी एकमेकींना छेदू नये, हे तर आलंच. उत्तराच्या सगळ्या रिकाम्या जागा एकाच लांबीच्या ठेवा. ‘ऊर्ध्व महाशिरा’साठी लांब आणि ‘महाधमनी’साठी आखूड जागा दिसली की मुलं तिथूनच उत्तर काढतात. त्यात ती फार हुशार असतात.

क्रमांक देताना बहुतेक शिक्षक रक्ताच्या वाटेने जातात: महाशिरा, उजवे अलिंद, त्रिदली झडप, उजवे निलय, फुफ्फुस धमनी... शिकवताना हा क्रम उत्तम. पण कोऱ्या कागदावर त्याच क्रमाने आकडे टाकले, तर मूल आकृतीकडे न बघता एक ते दहा म्हणून टाकतं. आकडे विस्कटलेलेच हवेत. खाली शब्दांची पेटी देऊ नका, पहिलं अक्षरही देऊ नका. संज्ञा मात्र मुलांच्या पुस्तकात जशा छापल्या आहेत तशाच उत्तरपत्रिकेत घ्या.

समजा, असा कागद आहे: १ डावे निलय, २ फुफ्फुस धमनी, ३ ऊर्ध्व महाशिरा, ४ द्विदली झडप, ५ उजवे अलिंद, ६ महाधमनी, ७ डावे अलिंद, ८ त्रिदली झडप, ९ उजवे निलय, आणि १० म्हणजे ते मागून आलेलं फुफ्फुस शिरेचं टोक. एका मुलीने ३, ४, ६, ८ बरोबर लिहिले. १ ला उजवे निलय आणि ९ ला डावे, ५ ला डावे अलिंद आणि ७ ला उजवे लिहिलं. २ ला फुफ्फुस शिरा, १० ला फुफ्फुस धमनी. दहापैकी चार, म्हणून लाल शाईने सहा फुल्या मारून कागद परत दिला तर काहीच साधलं नाही. चुका दोनच आहेत. चार कप्प्यांची उलटापालट एकाच कारणाने झाली: तिने कागदाची उजवी बाजू हृदयाची उजवी धरली. ‘मॅडम, उजवं म्हणजे कागदाचं उजवं ना?’ हा प्रश्न दरवेळी कोणीतरी विचारतंच. हृदय समोर उभ्या माणसाचं आहे, म्हणून त्याची उजवी बाजू आपल्या डाव्या हाताला येते. आणि झडपा बरोबर लिहिल्यात त्यावर भुलू नका. तिच्या कागदावर द्विदली झडप उजव्या बाजूला आणि त्रिदली डाव्या बाजूला गेली आहे, तरी तिला ते खटकलं नाही. म्हणजे झडपा जागेवरून पाठ आहेत, कप्प्यांशी जोडलेल्या नाहीत. दुसरी चूक धमनी-शिरेची. अशुद्ध रक्त नेते ती शिरा, एवढंच डोक्यात असेल तर फुफ्फुस धमनी चुकणारच, कारण तिच्यातून कमी ऑक्सिजनचं रक्त जातं. हृदयापासून दूर नेते ती धमनी आणि हृदयाकडे आणते ती शिरा, हाच निकष.

यावर उपाय कागदातच करता येतो. नाव लिहिण्याआधी मुलाने कागदाच्या डाव्या कडेला स्वतःच्या हाताने ‘उ’ आणि उजव्या कडेला ‘डा’ लिहायचं. प्रत्येक रक्तवाहिनीवर आधी प्रवाहाचा बाण काढायचा, मग नाव. बाण बरोबर आणि नाव चूक असेल तर संज्ञा कच्ची आहे. बाणच उलटा असेल तर रक्ताची वाटच परत शिकवावी लागेल. पेन्सिल वापरू देऊ नका. पेनाने लिहिलं की खोडलेलं पहिलं उत्तर दिसत राहतं, आणि आपल्याला तेच बघायचं असतं.

कागद कधी द्यायचा हेही आधी ठरवा. शिकवल्यावर लगेच दिला तर बहुतेकांना छान जमतो, पण तो आकडा फसवा असतो. मानसशास्त्रज्ञ रोएडिगर आणि कार्पिक यांनी २००६ साली केलेल्या प्रयोगांत पाच मिनिटांनी घेतलेल्या परीक्षेत नुसतं परत वाचणारे पुढे होते. आठवड्यानंतर मात्र आठवून लिहिण्याचा सराव केलेले पुढे निघाले. म्हणून पहिला कागद दुसऱ्या दिवशी, पुस्तकं दप्तरात ठेवून. दोन-तीन दिवसांनी आकडे बदललेला दुसरा. आठवड्याने तिसरा, त्यात आकृतीची फक्त बाह्यरेषा, आतले पडदे, झडपा आणि रेघा मुलांनीच काढायच्या. उत्तरपत्रिका वेगळ्या कागदावर असावी, मागच्या पानावर नको, पातळ कागदातून आरपार वाचता येते. तपासणी त्याच तासाला व्हावी आणि दुरुस्ती मुलाने दुसऱ्या रंगाने करावी.

ऱ्हस्व-दीर्घाच्या चुकांना पहिल्या दोन कागदांत गुण कापू नका, फक्त खाली रेघ मारा. ‘निलय’ आणि ‘अलिंद’ यांची अदलाबदल मात्र शुद्धलेखनाची चूक म्हणून सोडायची नाही.