मुलाखतीला 'हो' म्हणण्याआधी: वेळ, विषय आणि रेकॉर्डिंग ठरवताना या चुका टाळा

पत्रकाराचा मेल येतो: 'आज थोडं बोलता येईल का?' आपण 'हो, करा फोन' असं कळवून मोकळे होतो. दुसऱ्या दिवशी बातमी वाचताना लक्षात येतं की ओघात बोललेलं एक वाक्य नावानिशी छापलं गेलंय. पत्रकाराने फसवलेलं नसतं. अटी ठरवायची वेळ 'करा फोन' म्हणण्याआधी होती आणि ती निघून गेली, इतकंच.

एक उदाहरण घेऊन पुढे जाऊ. पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेतल्या एका रसायनतज्ज्ञ बाईंना सकाळी 11:40 ला मेल येतो: 'नळाच्या पाण्यातल्या शिशावर बातमी करतोय. आज बोलता येईल का?' बातमी एका शाळेच्या पाण्याबद्दल आहे आणि त्या शाळेचे नमुने याच प्रयोगशाळेने तपासले आहेत, हे मेलमध्ये लिहिलेलं नाही.

पहिली चूक: आपली सवड सांगणं, त्यांची डेडलाइन न विचारणं

'साडेचारला मोकळी आहे' हे उत्तर सौजन्याचं असलं तरी बहुतेक वेळा निरुपयोगी ठरतं. मजकूर 5 वाजता डेस्कवर जाणार असेल तर साडेचारच्या गप्पांतून फार तर एक कोट निघेल, आणि तोही आधीच लिहून झालेल्या बातमीत बसेल असा. तुम्ही सांगितलेल्या बारकाव्यामुळे बातमीची मांडणी बदलावी, असं वाटत असेल तर मजकूर जाण्याच्या दोन-तीन तास आधी बोलणं व्हायला हवं. म्हणून प्रश्न असा विचारा: 'तुम्हाला मजकूर किती वाजता द्यायचा आहे?' 'बातमी कधी येणार?' हा वेगळा प्रश्न आहे. रविवारच्या पुरवणीतला लेख कधीकधी दोन-तीन दिवस आधीच डेस्कवर गेलेला असतो.

याच्या उलट चूक म्हणजे विचार करून सावकाश उत्तर देऊ, असं म्हणत गप्प बसणं. मग 'संपर्क साधूनही प्रतिक्रिया मिळू शकली नाही' हे वाक्य छापून येतं, आणि वाचणाऱ्याला त्यात लपवाछपवी दिसते. अर्ध्या तासात दोन ओळी गेल्या तरी हे टळतं: 'मेल मिळाला. एक वाजेपर्यंत नक्की कळवते.' असं कळवलं की ती एकची वेळ पाळायची.

वेळ देताना दोन पर्याय द्या आणि बोलणं कधी संपणार तेही लिहा. '1:30 ते 1:50 किंवा 2:15 ते 2:35' असं लिहिलं की मुलाखत वीस मिनिटांची आहे हे वेगळं सांगावं लागत नाही. पत्रकार दुसऱ्या देशात असेल तर वेळेसोबत कुठल्या शहराची वेळ तेही लिहा. मार्चमध्ये तर जपूनच, कारण अमेरिकेतली घड्याळं महिन्याच्या दुसऱ्या रविवारी पुढे जातात आणि युरोपातली शेवटच्या रविवारी. मधल्या दोन-तीन आठवड्यांत नेहमीचा फरक एका तासाने चुकतो.

दुसरी चूक: प्रश्नांची यादी मागून अडून बसणं

बऱ्याच वृत्तसंस्था प्रश्न आधी लिहून देत नाहीत. शिवाय यादी मिळाली तरी तिच्याबाहेरचा प्रश्न येणार नाही याची हमी नसते. त्याऐवजी तीन गोष्टी विचारा, त्यांची उत्तरं बहुधा मिळतात: बातमी नेमकी कशाबद्दल आहे, माझ्याकडून काय हवंय (पार्श्वभूमी समजून घ्यायची आहे, की नावानिशी प्रतिक्रिया), आणि आणखी कोणाशी बोलताय. तिसऱ्याचं उत्तर कधी मोघम येतं. पण 'पालकांशी आणि शाळेशीही बोलतोय' एवढं कळलं तरी आपण कुठे उभे आहोत ते समजतं.

मग विषयांच्या कडा तुम्ही आखा. इथे हमखास होणारी चूक म्हणजे 'शाळेबद्दल काहीही विचारू नये' असं फर्मान पाठवणं. तुमचा मेल हासुद्धा मजकूरच असतो. उलट काही ठरलेलं नसेल तर 'प्रयोगशाळेने शाळेबद्दल बोलण्यास नकार दिला' असं त्यावरून लिहिता येतं. नकारासोबत कारण द्या आणि कुठे विचारायचं तेही सांगा. आपल्या उदाहरणातल्या बाईंचं उत्तर 11:58 ला गेलं, ते असं:

> नमस्कार. आज 1:30 ते 1:50 किंवा 2:15 ते 2:35 या वेळेत फोनवर बोलू शकते. आपल्याला मजकूर किती वाजता द्यायचा आहे आणि बातमी नेमकी कशावर आहे, ते कृपया कळवावे.
>
> नमुना कसा घेतात, पहिल्या धारेत शिसे जास्त का येते आणि अहवालातला आकडा कसा वाचायचा, यावर मी नावानिशी बोलेन. एखाद्या ग्राहकाच्या अहवालावर मला बोलता येत नाही, कारण तो अहवाल ग्राहकाचा असतो. त्यासाठी त्यांनाच विचारावे.
>
> आपण संभाषण रेकॉर्ड करणार असाल तर माझी हरकत नाही, मात्र ते टिपणांपुरते असावे. आवाज प्रसारित करायचा असल्यास आधी सांगावे. मीही माझ्या बाजूने रेकॉर्ड करेन. या अटी मान्य असल्याचे उत्तरात कळवावे.

शेवटचं वाक्य विसरू नका. अट कळवली म्हणजे ती ठरली असं होत नाही. समोरून 'मान्य' असं आल्यावरच ती ठरते. उत्तर न येता थेट फोन आला तर पहिल्या मिनिटात अटी तोंडी वाचून दाखवा आणि होकार घ्या.

इथे पत्रकाराचं उत्तर आलं: 'डेडलाइन 5 ला. 1:30 चालेल. बातमी एका शाळेच्या अहवालावर आहे. अहवाल आमच्याकडे आहे, त्यातल्या आकड्याबद्दल विचारावं लागेल. बाकी मान्य.' म्हणजे दोन गोष्टी ठरल्या, एक अडली. अशा वेळी मुलाखतच रद्द करण्याची गरज नाही. बाईंनी कळवलं: 'प्रश्न जरूर विचारा, मी अहवालावर बोलणार नाही. पण नमुना पहिल्या धारेचा आहे की नळ वाहू दिल्यानंतरचा, हे अहवालात कुठे पाहायचं ते दाखवेन.' रात्रभर पाइपात साचलेल्या पाण्यात शिसं उतरत राहतं, म्हणून सकाळची पहिली धार आणि काही मिनिटं वाहू दिलेलं पाणी यांचे आकडे वेगळे येतात. एवढं कळल्यावर पत्रकार तो आकडा चुकीचा वाचणार नाही, आणि बाईंचा शब्दही मोडला नाही.

तिसरी चूक: रेकॉर्डिंगला एकच प्रश्न समजणं

'रेकॉर्ड केलं तर चालेल ना?' या एका प्रश्नात तीन प्रश्न दडलेले असतात: ते रेकॉर्ड करणार का, ते कशासाठी वापरणार, आणि तुम्ही रेकॉर्ड करणार का. टिपणांसाठीचं रेकॉर्डिंग आणि पॉडकास्टमध्ये लागणारा आवाज यांत फार फरक आहे. दुसऱ्यात तुमचं अडखळणं, मागे वाजणारी बेल, अर्धवट वाक्य, सगळं जगासमोर येतं. वापर न विचारता 'चालेल' म्हटलं तर नंतर तक्रारीला जागा उरत नाही.

घाबरून रेकॉर्डिंगला सरसकट नकार देणं मात्र आमच्या मते उलटं पडतं. मग कोट घाईत लिहिलेल्या टिपणांतून तयार होतात. 'काही नमुन्यांत मर्यादेपेक्षा जास्त' मधलं 'काही' गळून पडतं, आणि आपण नेमकं काय बोललो याचा पुरावा कोणाकडेच नसतो. दोघांनीही रेकॉर्ड करावं, हे सर्वांत सुरक्षित. फोन स्पीकरवर ठेवून शेजारी दुसरं उपकरण लावलं तरी पुरतं. आधी अर्धा मिनिट चाचणी करा आणि ऐकून पाहा, कारण समोरचा आवाज पुसट येणं ही नेहमीची अडचण आहे.

तुम्ही रेकॉर्ड करणार असाल तर तेही सांगा. नियम जागोजागी वेगळे आहेत. अमेरिकेत केंद्रीय कायद्याला संभाषणातल्या एकाची संमती पुरते, पण कॅलिफोर्नियात खासगी संभाषणाला सर्वांची लागते. जर्मनीत खासगीत बोललेले शब्द परवानगीशिवाय ध्वनिमुद्रित करणं दंडसंहितेच्या कलम 201 खाली गुन्हा आहे आणि त्याला तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. दोन देशांतलं बोलणं असेल तर दोहोंपैकी कडक नियम धरून चाला. संमती रेकॉर्डिंग सुरू झाल्यावर पुन्हा एकदा बोलून घ्या, म्हणजे ती त्याच फाइलमध्ये राहते.

चौथी चूक: बोलून झाल्यावर 'हे ऑफ द रेकॉर्ड हं'

हे मागे जाऊन लागू होत नाही. बोलण्याआधी सांगायचं, समोरच्याने मान्य करायचं, मगच बोलायचं. त्यातही शब्दाचा भरवसा धरू नका. 'बॅकग्राउंड' म्हणजे माहिती वापरा पण नाव नको, असं काहीजण धरतात, तर काहींच्या लेखी 'नाव नको, पण प्रयोगशाळेतील तज्ज्ञ असं लिहू' हेही त्यात बसतं. ज्या गावात अशी प्रयोगशाळा एकच आहे तिथे हे नाव छापण्यासारखंच. म्हणून अट वाक्यात सांगा: 'पुढचं दोन मिनिटांचं बोलणं छापायचं नाही आणि दुसऱ्याला विचारताना माझा हवालाही द्यायचा नाही.' दोन्ही रेकॉर्डर बंद करा. तो भाग संपला की 'आता पुन्हा नावानिशी' असं म्हणून चालू करा. हे म्हणायचं राहिलं तर पुढचं काय छापता येईल यावरून वाद होतो. आणि जे छापून आलं तर नोकरीवर बेतेल, ते या अटीवरही बोलू नये.

पाचवी चूक: 'छापण्याआधी मला दाखवा'

जर्मनीत प्रश्नोत्तर स्वरूपाची मुलाखत छापण्याआधी मंजुरीसाठी दाखवण्याची प्रथा आहे. अन्यत्र बहुधा नकारच येतो. न्यूयॉर्क टाइम्सने तर 2012 मध्ये कोट नंतर मंजूर करून घेण्याच्या अटीवर मुलाखती घेण्यास आपल्या बातमीदारांना मनाई केली. अख्खा मजकूर मागण्याऐवजी छोटी गोष्ट मागा: 'आकडे, एकक आणि तांत्रिक वाक्यं तेवढी फोनवर वाचून दाखवाल का? साडेचारपर्यंत मी उपलब्ध आहे.' पुष्कळ पत्रकार याला हो म्हणतात, कारण चूक त्यांनाही नको असते. वाचून दाखवताना फक्त चुकलेलं दुरुस्त करा. 'मायक्रोग्रॅम'चं 'मिलिग्रॅम' झालं असेल तर तो हजारपट फरक आहे, तो जरूर सांगा. आपणच बोललेलं वाक्य आता गुळगुळीत करायला निघालात तर पुढच्या वेळी कोणी वाचून दाखवणार नाही.

तरीही बिघडलं तर

मुलाखतीत ठरलेल्या कडेबाहेरचा प्रश्न आला तर चिडू नका आणि फोन आपटू नका. 'यावर बोलणार नाही असं मेलमध्ये कळवलं होतं' एवढंच म्हणून थांबा. पुढे शांतता पसरते आणि ती भरून काढायला आपण बोलत सुटतो. ती तशीच राहू द्या.

छापून आल्यावर आधी पाहा की चूक माहितीची आहे की मांडणी आवडली नाही. मांडणीबद्दल दुरुस्ती सहसा मिळत नाही. चूक माहितीची असेल किंवा ठरलेली अट मोडली असेल तर त्याच दिवशी पत्रकाराला लिहा: छापलेलं वाक्य, आपण बोललेलं वाक्य, रेकॉर्डिंगमधला मिनिट-सेकंद आणि अट मान्य केल्याचा मेल. उत्तर आलं नाही तर हाच मेल संपादकांकडे पाठवा, त्यात एकही विशेषण न वाढवता.