टीव्हीला फक्त अँटेनाचं सॉकेट असेल तर

यावलच्या मामांच्या जुन्या टीव्हीला मागे फक्त अँटेनाचं सॉकेट, आणि लग्नाची व्हीसीडी बघायची होती. मध्ये आरएफ मॉड्युलेटर घातला, म्हणजे प्लेअरचं चित्र आणि आवाज टीव्ही चॅनलच्या सिग्नलमध्ये बदलणारी डबी.

१. प्लेअरची पिवळी पिन मॉड्युलेटरच्या व्हिडिओत, पांढरी ऑडिओत.
२. मॉड्युलेटरच्या आउटपासून अँटेना सॉकेटपर्यंत कोएक्स केबल.
३. प्लेअर चालू ठेवूनच टीव्हीवर चॅनल शोधा, सापडलं की सेव्ह करा. नव्या टीव्हीत शोध ‘अ‍ॅनालॉग’वर ठेवा.

आमच्याकडे चित्र स्वच्छ आलं, पण आवाजाच्या जागी नुसती खरखर. मॉड्युलेटरचं साउंड सेटिंग ६ मेगाहर्ट्झवर होतं. आपल्याकडच्या टीव्हीला ५.५ लागतं. बदलताच सनई वाजली!

छतावरच्या अँटेनाची वायर मात्र काढूनच ठेवा. टी-कनेक्टर लावून अँटेना आणि मॉड्युलेटर दोन्ही जोडलं, तर तुमचा सिग्नल अँटेनातून बाहेर पडून शेजाऱ्यांच्या टीव्हीत घुसू शकतो.