लायसीन घेऊनही ओठावरचे फोड परत येतायत? या चुका टाळा

माझ्या ताईला ओठावर कोल्ड सोअर येतो, वर्षातून पाच-सहा वेळा, नेहमी खालच्या ओठाच्या डाव्या कडेला, आणि नेहमी तोच क्रम. आधी एक दिवस तिथे हुळहुळतं, चुरचुरतं, मग बारीक पाण्याचे फोड एकाला एक चिकटून येतात, ते फुटतात, पिवळट खपली धरते आणि आठ-दहा दिवसांनी जाते. लायसीन, म्हणजे अमिनो आम्लाची एक गोळी, तिने स्वतःच कुठेतरी वाचून सुरू केली होती. पंधरा दिवसांनी मला फोन करून म्हणाली, "अगं काही उपयोग नाही याचा, गोळी चालू असताना परत आलाच की." मी म्हटलं बाटली घे आणि त्यावर काय लिहिलंय ते वाच बरं. आणि तिथूनच एकेक चूक बाहेर यायला लागली.

बाटलीवर पुढे मोठ्या अक्षरात लायसीन ५०० होतं आणि मागे बारीक अक्षरात एल-लायसीन हायड्रोक्लोराइड ५०० मिलिग्रॅम. आता हे दोन्ही एक नाहीत. हायड्रोक्लोराइड म्हणजे लायसीनचा क्षार, त्यात वजनाने साधारण ८० टक्केच लायसीन असतं, बाकीचं क्लोराइडचं वजन. म्हणजे तिच्या गोळीत खरं लायसीन ४०० मिलिग्रॅम, आणि ती घेत होती दिवसाला एक. काही कंपन्या उलट लिहितात, लायसीन ५०० आणि कंसात हायड्रोक्लोराइड ६२५, ती गोळी मात्र पूर्ण पाचशेची. त्यामुळे "मी रोज पाचशे घेते" याला तसा काही अर्थ नाही, कशाचे पाचशे ते बघायला लागतं.

हा फरक एवढा ताणायचं कारण म्हणजे १९८४ सालचा एक छोटा अभ्यास, त्यात लोकांना दोन वेगवेगळे डोस दिले होते, दिवसाला ६२४ आणि १२४८ मिलिग्रॅम, तेही हायड्रोक्लोराइडच. कमी डोसने काही झालं नाही, जास्त डोसने फोड येण्याचं प्रमाण कमी झालं. १२४८ हायड्रोक्लोराइड म्हणजे साधारण १ ग्रॅम खरं लायसीन. ताई ज्या डोसने वैतागली होती तो तर त्या न चाललेल्या डोसपेक्षाही कमी होता! म्हणजे तिने लायसीन करून बघितलंच नव्हतं असं म्हणायला हरकत नाही. रोज घ्यायचा डोस म्हणून लोक १ ग्रॅम धरतात, दोन भागात विभागून. काही अभ्यासांत ३ ग्रॅम, म्हणजे १-१ ग्रॅम तीन वेळा, असा डोस होता. ३ च्या वर जाण्यात फायदा आहे असं कोणी नीट दाखवलेलं नाही, पोट बिघडतं मात्र नक्की. मळमळ, पोटात कळ, पातळ होणं, बहुतेकांची तक्रार हीच.

दुसरी चूक, आणि ही मला सगळ्यात जास्त दिसते, म्हणजे फोड आला की लायसीन सुरू करायचं आणि खपली पडली की बंद. लायसीनमागची कल्पना अशी की कोल्ड सोअर ज्याच्यामुळे येतो त्या हर्पिसच्या विषाणूला स्वतःच्या प्रती काढायला आर्जिनिन नावाचं अमिनो आम्ल लागतं, आणि लायसीन आर्जिनिनसारखंच दिसणारं असल्याने ते त्याच्या वाटेत येतं. प्रयोगशाळेत पेशींवर हे दिसलंय. पण शरीर म्हणजे काचेची बशी नव्हे, जेवणातून आपल्याला तसंही रोज काही ग्रॅम लायसीन मिळत असतं, त्यात १ ग्रॅमची भर घालून रक्तातलं प्रमाण किती आणि किती वेळ वाढणार हा प्रश्न उरतोच. शिवाय फोड दिसेपर्यंत विषाणूचं बरंचसं काम उरकलेलं असतं, त्यानंतरचे आठ दिवस म्हणजे मुख्यतः जखम भरण्याचे. डेन्मार्कमधल्या डॉक्टरांनी १९७८ मध्ये आलेल्या फोडावर लायसीन देऊन बघितलं, काही फरक पडला नाही. त्यामुळे लायसीनचा काही उपयोग असलाच तर तो रोज, महिनोन्महिने घेऊन पुढचे फोड कमी होतात का, एवढ्यापुरता.

मग कमी होतात का? इथे जरा सरळ बोलायला हवं कारण नेटवर दोन्ही टोकाचं लिहिलेलं असतं. १९८७ च्या एका अभ्यासात पन्नासेक लोक होते, निम्म्यांना रोज ३ ग्रॅम लायसीन, निम्म्यांना नुसती साखरेची गोळी, सहा महिने. लायसीनवाल्यांना सरासरी दोन-अडीच फोड कमी आले, आणि आले ते सौम्य. ऐकायला मस्त! पण त्याच डेन्मार्कच्या लोकांनी १९८० मध्ये ६५ जणांना रोज १ ग्रॅम देऊन बघितलं तेव्हा एकूण फोडांची संख्या काही कमी झाली नाही, फक्त एकदाही फोड न आलेले लोक लायसीनच्या काळात जरा जास्त निघाले. आणखी एका अभ्यासात १.२ ग्रॅमनेही काही नाही. सगळे अभ्यास छोटे आणि जुने. २०१५ मध्ये कॉक्रेन या वैद्यकीय अभ्यास एकत्र तपासणाऱ्या संस्थेच्या लोकांनी हे सगळं एकत्र चाळलं तेव्हा लायसीनने फोड टळतात असा पुरावा त्यांना सापडला नाही. माझं मत विचाराल तर काही जणांना थोडा फायदा होत असेल, बऱ्याच जणांना होत नसेल, आणि कोल्ड सोअर कायमचा बंद तर कोणाचाच होणार नाही कारण विषाणू चेहऱ्याच्या मज्जातंतूच्या गाठीत झोपलेला असतो, तिथे गोळी पोचत नाही.

आता तुम्ही म्हणाल की अभ्यास राहू देत, मी घेऊन बघते आणि ठरवते. बघा की, पण इथेच तिसरी चूक होते आणि ती ताईने अगदी पुस्तकात छापावी अशी केली.

डोस नीट केल्यावर (दिवसाला दोनदा, एकूण १ ग्रॅम खरं लायसीन) ती मे महिन्यापासून घ्यायला लागली. फेब्रुवारी, मार्च, एप्रिल असे लागोपाठ तीन महिने तिला फोड आले होते, वैतागली होती, म्हणूनच तर मनावर घेतलं. मे गेला, जून गेला, जुलै गेला, ओठ स्वच्छ. आता तिचा सूर बदललेला, सगळ्यांना सांगत सुटली की लायसीन म्हणजे जादू. पण ताईची एक सवय आहे, फोड आला की ती ओठाचा फोटो काढून मला पाठवते, "बघ आला परत" म्हणून. आम्ही दोघींनी फोनमधले ते सगळे फोटो तारखांनी लावले. आदल्या वर्षी सहा फोटो, आणि त्यातही मे ते ऑगस्ट एकही नाही, कुठलीही गोळी चालू नसताना!

हिशोब करून बघा. ज्याला वर्षाला सरासरी सहा फोड येतात त्याला तीन महिन्यात सरासरी दीड यायला हवा. पण ते काही घड्याळ लावून येत नाहीत, कधी दोन लागोपाठ, कधी मोठी सुट्टी. नुसत्या योगायोगाने तीन महिने एकही न येण्याची शक्यता साधारण पाचात एक निघते, म्हणजे काहीच न घेणाऱ्या पाच जणांतला एक जण आपोआप "बरा" दिसणार. सहा महिने कोरडे जाण्याची शक्यता मात्र विसात एक. वर आपण गोळी सुरू करतो ती सगळ्यात वाईट काळानंतरच, आणि वाईट काळानंतर जरा बरा काळ येतोच, त्याचं श्रेय हातात जी बाटली असेल तिला. म्हणून निदान सहा महिने रोज घ्या, एकही फोड सुटू न देता तारीख लिहा, आणि तुलना मागच्या तीन वाईट महिन्यांशी नको, मागच्या वर्षी त्याच सहा महिन्यांशी करा. वर्षाला एक-दोनच फोड येत असतील तर सहा महिन्यात काहीच कळणार नाही, आणि खरं सांगायचं तर तेवढ्यासाठी रोज गोळ्या गिळत बसण्यातही अर्थ नाही.

दाणे-चॉकलेट बंद करावं का हे पण सगळे विचारतात, त्यात आर्जिनिन जास्त असतं म्हणून. ते सोडल्याने फोड कमी होतात असं नीट दिसलेलं नाही. उन्हाचं मात्र दिसलंय, ऊन लागून ज्यांना फोड येतात त्यांनी ओठाला सनस्क्रीन असलेला बाम लावला तर जास्त हाती लागेल.

चौथी चूक जरा गंभीर. लायसीन चालू आहे म्हणून खरं औषध बाजूला ठेवणं. विषाणूवरची औषधं आहेत, ॲसायक्लोव्हिर, व्हॅलासायक्लोव्हिर, डॉक्टर लिहून देतात. हुळहुळायला लागल्या लागल्या व्हॅलासायक्लोव्हिर २ ग्रॅम आणि बारा तासांनी परत २ ग्रॅम, एका दिवसात कोर्स संपला, असा मोठ्या माणसांचा ठरलेला डोस आहे (किडनीचा त्रास असेल तर तो कमी करावा लागतो). याने दुखणं साधारण एक दिवस आधी आटोपतं. एक दिवस म्हणजे फार नाही हे मान्य, पण तो एक दिवस मोठ्या अभ्यासांत दिसलेला आहे. वारंवार येत असेल तर रोज कमी डोसमध्येही देतात.

आणि लायसीन कोणाकोणी स्वतःच्या मनाने घेऊ नये तेही सांगते. किडनीचा आजार असेल तर नको, बरीच वर्षं रोज ३ ग्रॅम घेणाऱ्या एका बाईच्या किडन्या बिघडल्याची नोंद आहे. गरोदर असाल, बाळाला दूध पाजत असाल तर आधी विचारा. कॅल्शियमच्या गोळ्या मोठ्या डोसमध्ये चालू असतील तरीही, कारण लायसीनने कॅल्शियम जास्त शोषलं जातं. फोड दोन आठवड्यांत भरला नाही, डोळा लाल होऊन दुखायला लागला किंवा उजेड सहन होईना, प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधं चालू आहेत, अशा वेळी लायसीनचा विषयच नाही, सरळ डॉक्टर, आणि डोळ्याचं असेल तर त्याच दिवशी.

हो, एक राहिलंच. तोंडाच्या आत, गालाला किंवा जिभेखाली जो पांढरट गोल व्रण येतो, ज्याला आपण तोंड आलं म्हणतो, तो हर्पिस नव्हे, त्यावर हे लायसीनचं गणित लागूच होत नाही. ओठाचे कोपरे चिरतात तेही सहसा वेगळंच असतं. माझ्या ओळखीत एकजण वर्षभर कोपरे चिरण्यावर लायसीन घेत होता, शेवटी बुरशीवरच्या मलमाने आठवड्यात बरा झाला.

ताईचं पुढे काय झालं? ऑक्टोबरअखेर सहा महिने झाले, त्यात दोन फोड आले, दोन्ही सप्टेंबरनंतर. आदल्या वर्षी त्याच काळात दोनच. तिने उरलेली बाटली संपवली आणि नवीन आणली नाही. आता पर्समध्ये सनस्क्रीनवाला लिप बाम असतो आणि डॉक्टरांनी लिहून दिलेल्या गोळ्यांची एक पट्टी, कारण हुळहुळणं नेमकं बाहेर असतानाच सुरू होतं.